तक्रार आवाजाची, पुरावा घड्याळाचा

दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शहरांतल्या इमारतींमध्ये एक ठरलेला आवाज सुरू होतो. कुणाचं तरी घर 'रिनोव्हेशन'ला निघालेलं असतं. लाद्या फुटतात, बाथरूम तोडलं जातं, भिंतींत वायरिंगसाठी झिऱ्या काढल्या जातात. वरच्या मजल्यावर ब्रेकर मशीन लागलं की खालच्या घरात फोनवर बोलता येत नाही, तान्हं मूल दचकून उठतं, बारावीचा अभ्यास बंद पडतो. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर सगळे मुकाट्याने सहन करतात, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाचा एक मेसेज पडतो आणि त्याखाली चाळीस उत्तरं येतात. काम मात्र तसंच चालू राहतं.

मिश्र वस्तीच्या सोसायटीत राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांत सहन करण्याकडे कल जास्त दिसतो. घर मिळवतानाच इतकी दगदग झालेली असते, की 'आता तक्रारदार म्हणून नाव नको' असं घरातली मोठी माणसं सांगतात. ही भीती अगदीच निराधार नाही. तक्रार माणसाविरुद्ध लिहिली गेली की ती 'हे लोक विरुद्ध ते लोक' अशी वाचली जायला वेळ लागत नाही. पण तीच तक्रार वेळ, जागा आणि उपाय एवढ्यापुरती लिहिली, तर तिला धर्माचं लेबल चिकटवणं अवघड होतं आणि कमिटीला तिच्यावर निर्णय घेणंही सोपं जातं. अशी तक्रार कशी लिहायची, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, सात मजल्यांची इमारत आहे, प्रत्येक मजल्यावर चार घरं. तुम्ही ४०२ मध्ये राहता. बरोबर वर ५०२ मध्ये काम निघालं आहे. हॉल आणि बेडरूमच्या लाद्या बदलायच्या आहेत, दोन बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा तोडायचा आहे. तुमच्या घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि धाकटी बहीण बारावीला आहे.

आवाज कुठून येतो, ते आधी समजून घेऊ

तोडफोडीचा आवाज दोन वाटांनी येतो. कटर किंवा ग्राइंडरचा कर्कश आवाज मुख्यतः हवेतून येतो. तो खिडकीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या खिडकीतून आत येतो. असं काम दारं-खिडक्या लावून केलं तर शेजाऱ्यांना होणारा त्रास बराच कमी होतो. ब्रेकर किंवा हॅमर ड्रिलचं तसं नाही. त्याचे हादरे थेट स्लॅबमध्ये उतरतात आणि तिथून बीम, कॉलम, भिंती असे पसरत जातात. म्हणून तुम्ही तुमच्या खिडक्या कितीही घट्ट लावल्या तरी तो आवाज येतच राहतो. कधी कधी तर दोन मजले सोडून चाललेलं काम अगदी शेजारच्या भिंतीत चालल्यासारखं वाटतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, तक्रार लिहिण्याआधी काम नक्की कोणत्या घरात चाललंय ते वर जाऊन बघा. ५०२ चं नाव लिहिलं आणि आवाज ६०३ मधून येत होता असं निघालं, तर पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी विचारणार नाही. दुसरी, ब्रेकरचा आवाज 'कमी करा' या मागणीला फारसा अर्थ नाही, कारण ते मशीन हळू आवाजात चालत नाही. त्याच्या बाबतीत मागण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. कटरच्या बाबतीत मात्र बंद खिडक्यांची मागणी रास्त आहे.

तिसरी एक गोष्ट घरमालक आणि शेजारी दोघेही विसरतात. दोन महिन्यांच्या कामात खरी तोडफोड सगळे दिवस नसते. लाद्या, बाथरूम आणि ओटा तोडणं, झिऱ्या काढणं हे काम सुरुवातीच्या काही दिवसांत संपतं. त्यानंतर प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून गळती तपासणं, ही त्या मानाने शांत कामं असतात. पुढे लाद्या बसवताना कटर आणि फर्निचर लावताना ड्रिल, असा दुसरा आवाजी टप्पा येतो. म्हणजे प्रश्न दोन महिन्यांचा नसून मोजक्या दिवसांचा आणि त्या दिवसांतल्या मोजक्या तासांचा आहे. हे ध्यानात आलं की उपाय सुचवणं सोपं होतं.

डेसिबल नको, वही घ्या

आवाजाचा विषय निघाला की लगेच कुणीतरी मोबाइलमधलं ॲप उघडतं आणि '८४ डेसिबल' असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतं. कमिटीसमोर याचा उपयोग फार थोडा होतो. का, ते समजून घेतलं पाहिजे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते ६. पण ही मर्यादा क्षणभराच्या आवाजाची नाही. ठरावीक काळात मोजलेल्या आवाजाची ती सरासरी असते. एखाद्या ठोक्याला ॲपवर ८४ दिसलं म्हणजे नियम मोडला, असं सिद्ध होत नाही. त्यात मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. प्रमाणित ध्वनिमापकाशी त्याचा मेळ घातलेला नसतो आणि दोन फोन एकाच खोलीत वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. शिवाय घर रस्त्यालगत असेल, तर ब्रेकर बंद असतानाही आकडा ५५ च्या वर असण्याची शक्यता असते. म्हणून वाद आकड्यावर नेला की समोरचा माणूस फोनवर संशय घेतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

वेळेवर मात्र वाद घालता येत नाही. ब्रेकर रात्री १०:२० ला चालू होतं की नाही, हे त्या मजल्यावरच्या चारही घरांना माहीत असतं. म्हणून एक साधी वही करा आणि सहा दिवस नोंद ठेवा. तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आवाजाचा प्रकार (ब्रेकर, कटर, हातोडा) आणि त्यामुळे घरातलं काय अडलं, एवढे पाच रकाने पुरे. आवाज थांबलेला काळही लिहा. नोंद प्रामाणिक आहे, हे त्यावरूनच कळतं. रात्रीचा प्रकार असेल तर तीस सेकंदांचा एक व्हिडिओ काढून ठेवा, पण तो ग्रुपवर टाकू नका. कामगारांचे चेहरे त्यात घेऊ नका. त्यांना वेळ ठरवून देणारा माणूस वेगळाच असतो.

आपल्या उदाहरणात सोमवार ते शनिवारच्या नोंदीतून असं निघालं: सहा दिवसांत ब्रेकर एकूण २१ तास चालला. तीन दिवस तो संध्याकाळी ७ नंतरही चालू होता. रोज दुपारी १ ते ३ या वेळेत तो चालूच होता, कारण कामगार आळीपाळीने जेवत होते. आणि बुधवारी रात्री १०:२० ते १०:५० कटर चालला. 'रात्रंदिवस त्रास आहे' या एका वाक्यापेक्षा ही चार वाक्यं कितीतरी वजनदार आहेत. आणि ती लिहिताना तुमच्याही लक्षात येतं, की सकाळच्या आवाजाचा खरं तर तुम्हाला विशेष त्रास नाही. त्रास दुपारचा आणि संध्याकाळनंतरचा आहे. म्हणजे मागणी आपोआप नेमकी झाली.

नियम काय देतात आणि काय देत नाहीत

पत्रात नियम थोडे असावेत, पण पक्के असावेत.

पहिला नियम रात्रीचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, निवासी भागात रात्रीच्या वेळी आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. इथे डेसिबल मोजण्याची गरजच नाही. १० ते ६ या वेळेत ब्रेकर किंवा कटर चालला, एवढं पुरे आहे. बुधवारच्या अर्ध्या तासाचं महत्त्व यामुळे आहे.

दुसरी गोष्ट दिवसाची. दिवसा घराचं काम करायला कायद्याची बंदी नाही आणि पत्रात तसं भासवूही नये. दिवसाच्या वेळा ठरतात त्या सोसायटीच्या स्वतःच्या नियमांतून. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपल्या घरात फेरबदल करायचे असतील तर कमिटीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये, असंही उपविधी सांगतात, आणि तसं घडल्यास कमिटीने स्वतःहून किंवा तक्रार आल्यावर ते थांबवायची पावलं उचलायची असतात. परवानगी देतानाच कमिटी वेळेच्या अटी घालू शकते. म्हणून सचिवांना दोन प्रश्न विचारा. ५०२ ला लेखी परवानगी दिली आहे का? आणि कामाच्या वेळांबद्दल सर्वसाधारण सभेचा एखादा ठराव आधीपासून आहे का? अनेक सोसायट्यांत असा ठराव असतो, पण तो फाइलमध्ये पडून असतो आणि नव्या कमिटीला त्याची कल्पनाही नसते.

तिसरी गोष्ट उत्तराची. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाचा तक्रारअर्ज आला की कमिटीने त्यानंतरच्या लगेचच्या सभेत त्यावर निर्णय घ्यायचा असतो आणि तो पुढच्या १५ दिवसांत अर्जदाराला कळवायचा असतो. यात 'सभासद' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही भाड्याने राहत असाल तर तुम्ही सभासद नाही. अशा वेळी पत्र घरमालकाच्या सहीने जाऊ द्या, किंवा तुमच्या पत्रासोबत त्यांचं दोन ओळींचं संमतीपत्र जोडा. मालक टाळाटाळ करत असतील तर त्याच मजल्यावरचा किंवा खालचा एखादा सभासद सहअर्जदार होऊ शकतो का, ते पाहा.

पत्राआधी एकदा वर जाऊन भेटणं कधीही चांगलं. 'काका, काम करायलाच हवं, आमची हरकत नाही. फक्त दुपारी बाळ झोपतं तेवढा वेळ ब्रेकर बंद ठेवता येईल का?' एवढं विचारलं तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. पुष्कळदा घरमालक कामाच्या काळात दुसरीकडे राहायला गेलेले असतात आणि ठेकेदार किती वाजेपर्यंत मशीन चालवतो, याची त्यांना माहितीच नसते. या भेटीची तारीख वहीत लिहून ठेवा.

उपाय शेजाऱ्याला परवडणारा हवा

तक्रारीत सगळ्यात कमी लिहिला जाणारा भाग म्हणजे उपाय. 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलं की कमिटीला काही करता येत नाही, कारण योग्य काय ते तुम्ही सांगितलेलंच नसतं. आणि 'काम ताबडतोब बंद करा' असं लिहिलं तर कमिटी घरमालकाच्या बाजूने उभी राहते. तोडलेलं बाथरूम तसंच कोण ठेवणार?

म्हणून उपायाचं गणित समोरच्याच्या बाजूनेही मांडून पाहा. ५०२ च्या ठेकेदाराला विचारल्यावर कळलं, की ब्रेकरचं अजून साधारण २४ तासांचं काम बाकी आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, मध्ये एक तास सुट्टी, असं चालवलं तर दिवसाला ९ तास मिळतात आणि काम तिसऱ्या दिवशी संपतं. तुम्ही सुचवता आहात सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६. म्हणजे दिवसाला ६ तास, काम चौथ्या दिवशी संपेल. फरक एका दिवसाचा आहे.

ठेकेदार लगेच म्हणेल, 'मजुरांची पूर्ण हजेरी द्यावी लागते, मशीन बंद ठेवून कसं परवडेल?' हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मशीन बंद असताना काम बंद ठेवायची गरज नाही. ९ ते १० आणि १ ते ३ या वेळेत जेवण, राडारोडा गोणीत भरणं, तो खाली उतरवणं, मोजमापं, प्लंबिंगची जुळणी, ही सगळी कामं होऊ शकतात. नाहीतरी ती कधीतरी करायचीच असतात. वेळापत्रक असं लावलं तर वाया जाणारा वेळ एका दिवसापेक्षाही कमी निघतो.

या हिशेबामुळे पत्राचा सूर बदलतो. तुम्ही समोरच्याचा खर्च लक्षात घेतला आहे, हे कमिटीला दिसतं आणि 'सांभाळून घ्या हो, चार दिवसांचं काम आहे' या नेहमीच्या उत्तराला जागा राहत नाही. कारण तुम्हीही चार दिवसच म्हणत असता, फक्त ठरलेल्या वेळेत.

आता पत्र पाहू. ते एका पानात बसलं पाहिजे.

प्रति,
मा. सचिव,
(सोसायटीचं नाव) सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

विषय: फ्लॅट क्र. ५०२ मधील तोडफोडीच्या कामाच्या वेळा ठरवून देण्याबाबत

महोदय/महोदया,

मी फ्लॅट क्र. ४०२ मध्ये राहतो. फ्लॅट क्र. ५०२ मध्ये सध्या दुरुस्तीचे काम चालू आहे. या कामास माझी हरकत नाही. त्याच्या वेळांबाबत पुढील माहिती आपल्या निदर्शनास आणत आहे.

दि. __ ते दि. __ या सहा दिवसांत ब्रेकर मशीन एकूण २१ तास चालले. तीन दिवस ते संध्याकाळी ७ नंतरही चालू होते. दि. __ रोजी रात्री १०:२० ते १०:५० या वेळेत कटर चालू होता. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मनाई आहे. रोजची नोंद सोबत जोडली आहे.

माझ्या घरात आठ महिन्यांचे बाळ असून ते दुपारी १ ते ३ झोपते. बहिणीची बारावीची परीक्षा जवळ आली आहे व तिच्या अभ्यासाची मुख्य वेळ संध्याकाळनंतरची आहे. दि. __ रोजी मी ५०२ च्या मालकांना भेटून ही अडचण सांगितली आहे.

माझी विनंती अशी:
१. ब्रेकर, हॅमर ड्रिल व कटर सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १ व दुपारी ३ ते ६ याच वेळेत चालवावेत. रविवारी व सार्वजनिक सुट्टीला ते बंद असावेत. आवाज न होणारी कामे नेहमीप्रमाणे चालू राहण्यास हरकत नाही.
२. कटरचे काम खोलीच्या खिडक्या व दार बंद ठेवून करावे.
३. तोडफोडीचे उरलेले दिवस आदल्या दिवशी नोटीस बोर्डवर व लिफ्टजवळ लावावेत. त्यावर ठेकेदाराच्या देखरेख करणाऱ्या माणसाचा फोन नंबर असावा.

ठेकेदाराने सांगितल्याप्रमाणे ब्रेकरचे सुमारे २४ तासांचे काम बाकी आहे. वरील वेळांत ते चार दिवसांत पूर्ण होऊ शकते. हा अर्ज कमिटीच्या पुढील सभेत घेऊन निर्णय लेखी कळवावा. सभेस वेळ असल्यास तोपर्यंत रात्रीचे काम तरी त्वरित थांबवण्याची सूचना द्यावी.

आपला विश्वासू,
(नाव, फ्लॅट क्रमांक, दिनांक)

सोबत: सहा दिवसांची नोंद
पत्रास सहमत: फ्लॅट क्र. ३०२, ५०१, ६०२

या पत्राच्या दोन प्रती काढा. एक सचिवांना द्या आणि दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख अशी पोच घ्या. शिक्का नसेल तर सही आणि तारीख पुरते. पोच द्यायला कुणी तयार नसेल तर सोसायटीच्या ईमेलवर किंवा स्पीड पोस्टने पाठवा. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

शेवटच्या ओळीतले तीन फ्लॅट विचारपूर्वक निवडलेले आहेत. ३०२ दोन मजले खाली, ५०१ शेजारी, ६०२ वर. हादरे जिथे जिथे पोहोचतात ती ही घरं. त्यांच्या सह्या असल्या की हा दोन कुटुंबांचा वाद राहत नाही. मिश्र सोसायटीत या सह्यांत वेगवेगळी आडनावं आपोआप येतात. पत्राला धर्माचा रंग देण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो आणि तुम्ही एकटेही पडत नाही.

पत्र कुठे फसतं

जुनी भांडणं जोडली की पत्र फसतं. पार्किंग, चपलांचा स्टँड, मागच्या वर्षीची गळती, हे सगळं एकाच अर्जात आलं तर कमिटी सगळ्यात सोप्या मुद्द्यावर चर्चा करते आणि उरलेलं सोडून देते. एक अर्ज, एक विषय.

आवाज आणि सुरक्षितता एकत्र केली तरी फसतं. वरच्या घरात भिंत काढली जात असेल, बीम किंवा कॉलमवर ब्रेकर चालत असेल, किंवा तुमच्या छताला नवी तडा दिसली असेल, तर तो आवाजाचा प्रश्नच नाही. त्यासाठी वेगळं पत्र त्याच दिवशी द्या, तडेचे तारखेसह फोटो जोडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी होईपर्यंत ते काम थांबवण्याची मागणी करा. कमिटी हलली नाही तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात जा. तिथे वेळापत्रकाची तडजोड करायची नाही.

कमिटीने सभा घेतली आणि तरीही काहीच कळवलं नाही, तर पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र द्या. त्यात पहिल्या पत्राची तारीख आणि पोच नमूद करा, नवा राग नको. त्यानंतरही शांतता असेल तर दोन वाटा आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. कमिटी अर्जावर निर्णयच घेत नाही, ही तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाते. प्रत्यक्ष उपद्रवाची तक्रार पोलिसांकडे जाते. रात्री १० नंतर ब्रेकर चालू असेल तर स्मरणपत्राची वाट पाहायची गरज नाही. त्याच वेळी ११२ वर फोन करा आणि फोनची वेळ वहीत लिहा. उपनिबंधकांचं उत्तर यायला मात्र वेळ लागतो. तोवर काम संपलेलंही असेल. म्हणून खरा भर कमिटीच्या पातळीवरच हवा.

एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला कोणतंही वेळापत्रक पूर्ण शांतता देऊ शकत नाही. त्याच्यासाठी सगळ्यात कामाची मागणी तिसरी आहे, आदल्या दिवशीची सूचना. कोणते चार दिवस, ते आधी कळलं तर तो तेवढे दिवस मामाकडे किंवा मित्राकडे झोपायची सोय करू शकतो.

हाच कागद सणालाही लागू

सणाच्या आवाजाची तक्रार नाजूक वाटते, पण तिचा सांगाडा हाच आहे: वेळ, जागा, उपाय. फक्त तीन गोष्टी आधी तपासायच्या. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, तेव्हा ती घेतली आहे का? रात्री १० ही सर्वसाधारण मर्यादा आहे, पण सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तेव्हा आजचा दिवस त्या यादीत आहे का? सवलतीच्या दिवशी रात्री ११ ला 'बेकायदा' म्हणून पत्र दिलं तर ते पत्र पहिल्याच वाक्यात पडतं. आणि तिसरं, स्पीकरचं तोंड कुठे आहे? ते इमारतीकडून वळवून पटांगणाच्या मध्याकडे केलं तर कार्यक्रम तसाच राहतो आणि घरांत येणारा आवाज कमी होतो. कमिटीला सुचवण्यासारखा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पत्रात सणाचं नाव लिहायची गरज नाही. 'पटांगणातल्या कार्यक्रमाचे स्पीकर' एवढं पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे सण नसतानाच सर्वसाधारण सभेत एक पानाचा ठराव मांडणं: पटांगणातला कोणताही कार्यक्रम असो, परवानगीची प्रत नोटीस बोर्डवर लागेल, स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून असतील, ठरलेल्या वेळेला बंद होतील आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर लावलेला असेल. गणपती, नवरात्र, मिलाद, लग्नाची हळद, वाढदिवस, सगळ्यांना तोच ठराव.

हा ठराव मांडताना आपल्या बाजूचा हिशेबही स्वच्छ हवा. जिथे आपली वस्ती जास्त आहे तिथे सहरीसाठी पहाटे लाउडस्पीकरवरून उठवणं हेही रात्री १० ते सकाळी ६ मध्येच येतं, आणि त्याच इमारतीत आजारी माणूस, तान्हं मूल, वेगळ्या धर्माचा शेजारी असतो. मोबाइलच्या गजरावर सगळी सोसायटी सहरीला उठू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं म्हटलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी तक्रारीला घाबरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आवाजाची तक्रार आली की तक्रारदाराची ओळख न तपासता पोलिसांनी कारवाई करावी, असं न्यायालयाने सांगितलं आहे. हे संरक्षण सगळ्यांना सारखं आहे, मशिदीच्या भोंग्याबद्दल तक्रार करणाऱ्याला आणि मंडपाच्या डीजेबद्दल तक्रार करणाऱ्यालाही.

तुमच्या सोसायटीची पुढची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी आहे, ते नोटीस बोर्डवर पाहा. दुरुस्तीच्या कामाच्या वेळा आणि पटांगणातले स्पीकर, असे दोन ठराव त्या सभेच्या विषयपत्रिकेत यावेत यासाठी आतापासूनच सचिवांना लेखी कळवा, आणि त्या कागदाचीही पोच घ्या.